फोन चालू असताना दुसरा फोन आला की गडबडीत माझा पहिलाच कट होतो. नक्की काय दाबायचं? आणि तिघांना एकत्र बोलायचं असेल तर कसं जोडायचं?

पहिला फोन कट होतो तो बहुतेक लाल बटणामुळे. दुसरा फोन येताना कानात टूक-टूक वाजतं आणि माणूस दचकून दिसेल ते दाबतो. तो आवाज फक्त तुम्हाला येतो, समोरच्याला नाही. त्यामुळे घाई करू नका. "एक मिनिट हं, दुसरा फोन येतोय" असं सांगून मग स्क्रीन बघा.

आयफोनवर तिथे `Hold & Accept` आणि `End & Accept` असे दोन पर्याय दिसतात. पहिल्याने चालू कॉल थांबतो आणि नवा उचलला जातो, दुसऱ्याने चालू कॉल सरळ तुटतो. तुमचं बोट बहुधा या दुसऱ्यावर पडत असावं. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर हिरवं बटण सरकवलं की पहिला कॉल आपोआप होल्डवर जातो, तर काही फोन आधी विचारतात की पहिला होल्ड करू की बंद करू. एकदा दोन्ही कॉल आले की `Swap` दाबून याच्याशी, मग त्याच्याशी असं आलटून पालटून बोलता येतं. या वेळी लाल बटण दाबलं तर ज्याच्याशी बोलताय तोच कॉल तुटतो. होल्डवरचा काही फोनवर आपोआप परत सुरू होतो, काहींवर `Hold` पुन्हा दाबून उघडावा लागतो.

होल्ड आणि म्यूट यांत लोक गल्लत करतात. म्यूटमध्ये तुमचा आवाज त्याला जात नाही, पण त्याचा तुम्हाला येत राहतो. होल्डमध्ये दोघांनाही एकमेकांचं काही ऐकू येत नाही. त्याला शांतता किंवा कंपनीने लावलेलं संगीत ऐकू येतं.

आता तिघांचं. समजा तुम्ही बहिणीशी बोलताय आणि भावालाही घ्यायचंय. `Add call` दाबा आणि भावाचा नंबर लावा; बहीण आपोआप होल्डवर जाते. भावाने उचलेपर्यंत थांबा. तो उचलेपर्यंत `Merge` बहुधा दिसतच नाही, किंवा दिसलं तरी फिकं असतं. भावाने उचललं की आधी त्याला सांगा, "ताई लाइनवर आहे, जोडतोय." मगच `Merge` दाबा. मी एकदा हे न सांगता भावाला जोडलं. त्याने पहिलंच वाक्य टाकलं ते लाइनवर असलेल्या काकांच्या हट्टीपणाबद्दल. काका दोन सेकंद गप्प राहिले आणि म्हणाले, "हं, पुढे बोल." तेव्हापासून मी कोणालाही सांगितल्याशिवाय जोडत नाही.

जोडणारा तुम्ही असल्यामुळे सगळी सूत्रं तुमच्याकडे असतात. तुम्ही लाल बटण दाबलंत तर सहसा सगळ्यांचेच कॉल तुटतात. फक्त एकालाच सोडायचं असेल तर `Manage` किंवा नावाशेजारच्या छोट्या बटणावर जा. तिथे प्रत्येकाचा कॉल वेगळा बंद करता येतो, किंवा एकाला बाजूला घेऊन खासगीत बोलता येतं. मोबाइल नेटवर्कच्या मूळ नियमात तुमच्याशिवाय पाच जणांपर्यंत जोडण्याची सोय आहे, पण प्रत्यक्षात किती जण चालतील ते तुमची कंपनी ठरवते.

`Merge` दिसतच नसेल तर तीन गोष्टी पाहा. एक, दोन्ही कॉल एकाच सिमवर आहेत का? वेगवेगळ्या सिमवरचे कॉल बहुतेक फोनमध्ये जोडले जात नाहीत. दोन, त्यातला एखादा व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल तर नाही ना? तो साध्या कॉलशी जुळत नाही. तीन, कॉन्फरन्सची सोय तुमच्या कनेक्शनवर चालू आहे का, ते कंपनीला विचारा.

दुसरा फोन येतच नसेल आणि फोन करणाऱ्याला "व्यस्त" ऐकू येत असेल, तर बहुधा कॉल वेटिंग बंद आहे. फोनच्या कॉल सेटिंग्जमध्ये `Call waiting` चालू करा, किंवा डायलरमध्ये हा कोड टाकून कॉलचं बटण दाबा (काही कंपन्यांचे कोड वेगळे असतात):

```
*43#
```

बंद करायला `#43#`, आणि चालू आहे का ते बघायला `*#43#`.

आणखी एक सांगतो, कारण हे बटण फसवायलाही वापरतात. अनोळखी माणूस म्हणतो, "तुमच्या मित्राचा दुसऱ्या नंबरवरून फोन येतोय, तो मर्ज करा." पण तो येणारा कॉल असतो बँकेच्या यंत्राचा, आवाजात ओटीपी सांगणारा. तुम्ही मर्ज केलंत की तो आकडा त्यालाही ऐकू येतो. अनोळखी माणसाशी बोलताना दुसरा फोन आलाच, तर पहिला कट करा आणि मग दुसरा उचला.