COMBIN की PERMUT: टीम निवडताना आणि लॉकचा कोड मोजताना

प्रश्न: तालमीच्या फुटबॉल टीमसाठी १५ पोरांतनं ११ निवडायच्यात. एक्सेलमध्ये PERMUT(15,11) टाकलं तर ५४ अब्जाच्या वर आकडा आला, हे बरोबर आहे का? आणि आमच्या किटच्या कपाटाला ४ अंकी नंबरचं कुलूप आहे, त्याला COMBIN(10,4) टाकलं तर फक्त २१० आले. मग कुलूप बदलू का? शिवाय १५ मध्ये २ गोलकीपर आणि ३ ज्युनिअर आहेत, एक तरी ज्युनिअर खेळवायचाच आहे, ते कसं धरायचं?

भावा, कुलूप राहू दे, फंक्शन्सची अदलाबदल कर. टीमला COMBIN लागतं, आणि कुलपाला या दोन्हीतलं एकही सरळ लागत नाही, ते पुढं सांगतो.

फंक्शन टाकायच्या आधी स्वतःला एकच विचारायचं, निवडलेल्यातल्या दोघांची जागा बदलली तर गोष्ट वेगळी होते का? शाहू स्टेडियमवर उतरणाऱ्या अकरा जणांची यादी तू वरून खाली लिही नाहीतर खालून वर, टीम तीच राहते, म्हणून COMBIN. PERMUT मात्र त्याच अकरा पोरांची यादी जितक्या क्रमानं लिहिता येईल तितक्या वेळा ती वेगळी धरतं, म्हणजे एकेक टीम ११ फॅक्टोरियल, ३ कोटी ९९ लाख १६ हजार ८०० वेळा मोजली जाते. तुझा तो मोठा आकडा तिथनंच आला. `=PERMUT(15,11)/FACT(11)` टाकून बघ, बरोबर १३६५ येतील, आणि `=COMBIN(15,11)` पण तेच देतं.

PERMUT फुटबॉलमध्ये निरुपयोगी आहे असं नाही हां. मॅच बरोबरीत सुटली आणि पेनल्टीला पहिले पाच जण कुठल्या क्रमानं पाठवायचे हे ठरवायचं असेल तर तिथं क्रमाला किंमत आहे, पहिला कोण आणि पाचवा कोण यानं फरक पडतो, म्हणून `=PERMUT(11,5)`, उत्तर ५५,४४०.

आता तुझ्या अटी. गोलकीपर दोघांतला एकच खेळणार, म्हणजे १३६५ मधल्या बऱ्याच टीम बाद. कीपर वेगळा निवड, उरलेल्या १३ जणांतनं १० वेगळे निवड, आणि गुणाकार कर:

```
=COMBIN(2,1)*COMBIN(13,10)
```

२ गुणिले २८६, म्हणजे ५७२. खात्री करायची असेल तर उरलेल्या टीम पण मोजून बघ, एकही कीपर नाही अशा COMBIN(13,11) म्हणजे ७८, दोन्ही कीपर आहेत अशा COMBIN(13,9) म्हणजे ७१५, आणि ७८ + ५७२ + ७१५ बरोबर १३६५. एकूण जुळलं की समजायचं काही सुटलं नाही आणि काही दोनदा आलं नाही. ही बेरीज मी दरवेळी करतोच, कारण चुकीच्या फॉर्म्युल्यालाही एक्सेल छान आकडा देतं, कुठं लाल होत नाही की काही नाही.

ज्युनिअरच्या अटीत मात्र लय लोक फसतात. ३ ज्युनिअर त्या १३ जणांतलेच आहेत असं धरतो. "एक तरी" म्हटलं की डोक्यात पहिलं हेच येतं, की तिघांतला एक ज्युनिअर घ्या आणि मग उरलेल्या १२ जणांतनं कुठलेही ९ घ्या:

```
=COMBIN(3,1)*COMBIN(12,9)
```

हे ३ गुणिले २२०, ६६० येतं. पण १३ मधनं १० निवडायचे सगळे प्रकारच २८६ आहेत, मग अट घातल्यावर ते वाढतील कसे? अट घातली की आकडा कमी तरी होतो नाहीतर तेवढाच राहतो. वाढला की फॉर्म्युला चुकला, पुढं बघायचीही गरज नाही.

झालं काय, ज्या टीममध्ये दोन ज्युनिअर आहेत ती टीम दोनदा मोजली गेली, एकदा पहिला "तो एक" म्हणून आणि दुसरा उरलेल्या नऊत, आणि परत उलटं. तिघंही असतील तर तीनदा. फोड करून बघितलं की स्पष्ट दिसतं. A2 पासनं खाली ज्युनिअरची संख्या ०, १, २, ३ लिही आणि शेजारी हे टाकून खाली ओढ:

```
=COMBIN(3,A2)*COMBIN(10,10-A2)
```

१, ३०, १३५, १२० असे चार आकडे येतील, बेरीज २८६. एकही ज्युनिअर नाही अशी टीम फक्त एकच, दहाच्या दहा सिनिअर. आणि ते ६६० कुठनं आले? ३० एकदा, १३५ दोनदा, १२० तीनदा, म्हणजे ३० + २७० + ३६०.

म्हणून "एक तरी" आलं की एकूणातनं "एकही नाही" वजा करायचं, हा सगळ्यात सरळ रस्ता:

```
=COMBIN(2,1)*(COMBIN(13,10)-COMBIN(10,10))
```

२ गुणिले २८५, ५७०. म्हणजे ५७२ पैकी फक्त २ टीम तुझ्या अटीनं गेल्या. "निदान दोन ज्युनिअर" म्हटलास तर वरच्या तक्त्यातले १३५ आणि १२० घे, २५५, दुप्पट ५१०.

तो तक्ता खाली ओढताना एक बघ, चुकून A6 मध्ये ४ गेला तर तीन ज्युनिअरमधनं चार निवडायला सांगितल्यासारखं होतं. गणितात त्याचं उत्तर शून्य, पण एक्सेल तिथं `#NUM!` दाखवतं आणि खालची SUM पण `#NUM!` होऊन बसते. IFERROR लावू नकोस, त्याखाली खरी टायपिंगची चूक पण शून्य होऊन लपते, त्यापेक्षा `=IF(A2>3,0,...)` असं साफ लिही. आणि खेळाडूंची संख्या दुसऱ्या सेलमधनं येत असेल तर ती पूर्णांक आहे का बघ, कारण १५.९ आले तरी ही फंक्शन्स काही न बोलता १५ धरतात.

आता कुलूप. २१० हे फक्त "कुठले चार वेगळे अंक" याचे प्रकार आहेत. पण १२३४ नं उघडणारं कुलूप ४३२१ नं उघडत नाही, म्हणजे क्रम मोजायला पाहिजे, म्हणून `=PERMUT(10,4)`, ५०४०. पण हे पण पुरं नाही. PERMUT एकदा वापरलेला अंक परत घेत नाही, आणि कुलपाला तर ७७०७ पण चालतं. दर जागेला १० पर्याय, चार जागा, म्हणून `=10^4`, १०,०००. एक्सेल २०१३ पासनं `=PERMUTATIONA(10,4)` पण आहे, तेच उत्तर देतं. त्याच्याच शेजारी COMBINA दिसेल, ते इथं घेऊ नकोस, त्यात अंक परत येतात पण क्रम धरत नाही, ७१५ येतील.

तुझं कुलूप फिरणाऱ्या चकत्यांचं आहे का बटणांचं ते लिहिलं नाहीस. बटणांचं असेल आणि चारच बटणं झिजून काळी पडली असतील तर दहा हजार विसर, बघणाऱ्याला PERMUT(4,4), म्हणजे २४ च प्रयत्न करायचेत. तीनच बटणं झिजली असतील तर वाटतं अजून सोपं, पण तसं नाही, कारण तिघांतला कुठला अंक दोनदा आलाय हे माहीत नसतं:

```
=COMBIN(3,1)*FACT(4)/FACT(2)
```

३ गुणिले १२, ३६. तेव्हा बटणांचं असेल तर कोड अधनंमधनं बदला आणि नवीन कोडमध्ये न झिजलेली बटणं घ्या, कुलूप तेच चालेल. चकत्यांचं असेल तर बंद केल्यावर चारही चकत्या फिरवा, एकच फिरवून सोडली तर बाकीचे तीन अंक समोरच दिसतात आणि त्या एका चकतीचे ९ च प्रयत्न उरतात, तेही कुठली फिरवली हे कळलं तर. नाही कळलं तर ३६.