‘ज्ञात-अज्ञात हात’ हे शब्द खोडून टाक

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री जिन्यात तू मला गणेशोत्सवाच्या आभारपत्रकाचा कागद दाखवलास आणि विचारलेस, की नावे लिहावीत की सर्वांचे सरसकट आभार मानून मोकळे व्हावे. गेल्या वर्षी पत्रकातून दोन नावे सुटली आणि त्यावरून सभेत तुला जे ऐकून घ्यावे लागले, ते मी विसरलेलो नाही. म्हणूनच यंदा तू मोजकीच नावे लिहून बाकीच्यांसाठी ‘ज्ञात-अज्ञात हातांचे मनःपूर्वक आभार’ असे वाक्य का लिहिलेस, हे मला समजते. तरीही ते खोड. अठ्ठेचाळीस घरांच्या आपल्या सोसायटीत अज्ञात कोणी नसते. ज्याला आपण अज्ञात म्हणतो, त्याची आपण चौकशी केलेली नसते.

हे वाक्य मी स्वतः माइकवरून म्हटलेले आहे. मी कार्यवाह होतो, त्या काळात ए विंगमध्ये वीज खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत असत. ते रोज आरतीच्या अर्धा तास आधी खाली येत, मंडपाच्या मागे जाऊन वायरींचे जोड तपासत, जमिनीवर पडलेले एक्स्टेन्शन बोर्ड विटांवर उचलून ठेवत आणि मीटर रूममध्ये ईएलसीबी या विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे चाचणीचे बटण दाबून तो पडतो की नाही, हे पाहून पुन्हा चढवत. लोक खाली जमण्यापूर्वी ते घरी परतलेले असत. विसर्जनानंतरच्या आभारप्रदर्शनात मी मूर्तीचे, सजावटीचे आणि देणगीदारांचे आभार मानले आणि उरलेल्यांना ज्ञात-अज्ञात हातांत घातले. पुढच्या वर्षी ते खाली आले नाहीत. भाद्रपदातल्या पावसाने तिसऱ्या संध्याकाळी अंगणात पाणी साचले, जमिनीवरचा एक बोर्ड त्यात भिजला आणि ऐन आरतीत ईएलसीबी पडून मंडपात काळोख झाला. तो वेळेवर पडला म्हणूनच त्या पाण्यात अनवाणी उभ्या असलेल्या मुलांपैकी कोणाला धक्का बसला नाही. मी धावत त्यांच्या दाराशी गेलो. ते आले, भिजलेला बोर्ड काढून टाकला, बाकीचा पुरवठा सुरू केला आणि परत जाताना एवढेच म्हणाले, ‘पाणी गेल्या वर्षीही साचले होते.’

ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. त्यांना शाल नको होती, नारळही नको होता. आपण काय करतो हे कोणाला तरी कळले आहे, एवढेच त्यांना हवे होते, आणि तेवढेसुद्धा मी देऊ शकलो नाही. म्हणून मी तुला पुन्हा पुन्हा सांगतो, की नाव कामासकट लिही. नुसते नाव ही हजेरी झाली. ‘पाचही दिवस आरतीपूर्वी विजेची जोडणी तपासली’ असे नावापुढे लिहिले, की आभारही मानले जातात आणि ते काम असते हे पुढच्या कार्यवाहाला कळतेही.

आता पद्धत सांगतो. ‘कोणी काम केले’ असे विचारलेस, तर जे दिसले त्यांचीच नावे मिळतील. त्याऐवजी ‘काय बिघडले नाही’ असे विचार. यंदाच्या महाप्रसादाचेच बघ. तुझ्या कागदावर त्याच्यापुढे चार नावे आहेत आणि ती चौघे वाढपी आहेत. भाड्याने आणलेल्या भांड्यांपैकी एकही भांडे कमी भरले नाही, याचा अर्थ ती कोणीतरी घेताना मोजली आणि देताना पुन्हा मोजली. दुसऱ्या पंगतीला भात कमी पडला नाही, याचा अर्थ पहिल्या पंगतीची पाने कोणीतरी मोजून स्वयंपाक्याला वेळेत सांगितले. पत्रावळी आणि उरलेले अन्न सकाळपर्यंत अंगणात कुजत पडले नाही. निर्माल्य कचऱ्यात न जाता कलशात गेले. रात्री ध्वनिक्षेपक दहाच्या ठोक्याला बंद झाला आणि पोलिसांना यावे लागले नाही. यातल्या प्रत्येक गोष्टीमागे एक माणूस आहे. त्याच्याकडे जा, आणि त्यालाही विचार, ‘तुझ्याबरोबर आणखी कोण होते?’ हा दुसरा प्रश्न चुकवू नकोस, कारण शांतपणे काम करणारी माणसे स्वतःचे नाव सांगत नाहीत, पण सोबत्याचे न चुकता सांगतात. चाराची दहा नावे सहज होतील.

एका गोष्टीचा मला राग येतो, तो लपवत नाही. तुझ्या कागदावर ‘महिला मंडळ’ अशी एकच ओळ आहे. मोदकांची उकड काढणाऱ्या, पहाटे दूर्वा निवडणाऱ्या, पाच रात्री समईत तेल घालायला उठणाऱ्या बायकांना तू त्या एका ओळीत बसवलेस. पुरुषांची नावे सुटी आणि बायकांचे मात्र मंडळ, हे तू तरी करू नकोस.

रखवालदार आणि सफाई कर्मचारी यांचे मात्र नुसते आभार मानू नकोस. विसर्जनाच्या रात्री ते ठरलेल्या वेळेनंतरही थांबले असतील, तर जादा तासांचे पैसे उत्सवाच्या हिशोबात खर्च म्हणून दाखवून आधी त्यांच्या हातात दे आणि मग त्यांची नावे इतरांच्याच यादीत, त्याच अक्षरात, कामासकट लिही. पैसे न देता दिलेली शाल ही त्या माणसाची अडवणूक आहे, कारण ती हातात घेतल्यावर त्याला काही मागता येत नाही.

देणगीदारांचा कागद वेगळा ठेव. यावरून माझे समितीशी बिनसले होते. मोठी रक्कम देणाऱ्यांची नावे वर घ्यावीत असा आग्रह होता; मी नकार दिला आणि पुढच्या वर्षी कार्यवाहपद गेले. माझा स्वभाव हेकट आहे असे तेव्हा म्हटले गेले, अजूनही म्हटले जाते. पण पैसे देणाऱ्याला पावती मिळालेली असते. भांडी मोजणाऱ्याकडे आभारपत्रकाखेरीज दुसरी पावती नसते. मी अडून बसलो ते योग्यच केले, आणि आज पुन्हा अडून बसेन. खंत आहे ती एवढीच, की हे शहाणपण मला एक वर्ष उशिरा आले.

नावे सुटण्याची तुला भीती आहे, आणि एखादे सुटेलच. पत्रक फलकावर लावण्यापूर्वी दोन दिवस कच्ची यादी तिन्ही विंगच्या लिफ्टजवळ लाव, पेन बांधून ठेव आणि ‘दुसऱ्याचे राहिलेले नाव लिहावे’ अशी सूचना वर लिही. स्वतःचे नाव लिहायला लोक संकोचतात, शेजाऱ्याचे आनंदाने लिहितात. तरीही सुटले, तर आधी त्या घरी जा, तोंडाने चूक कबूल कर आणि नंतर पुरवणी पत्रक लाव. आधी पुरवणी लावून मग घरी जाऊ नकोस. कोणी नाव नको म्हणाले, तर नाव वगळ, पण काम लिही.

पुढच्या वर्षी ही यादी विसर्जनानंतर आठवायला बसू नकोस. प्रतिष्ठापनेच्या दिवसापासून पावती पुस्तकाबरोबर एक शंभर पानी वही ठेव आणि रोज रात्रीच्या आरतीनंतर त्या दिवशीच्या पाच-सहा ओळी लिहून काढ. माझ्या जुन्या वह्या माळ्यावर आहेत. रविवारी सकाळी ये, आपण त्या खाली काढू. येताना ए विंगच्या दुसऱ्या मजल्यावर थांबून विचार, की यंदा बोर्ड विटांवर कोणी ठेवले होते. मी पाहिले, ते विटांवर होते, आणि तुझ्या कागदावर ते नाव नाही.

तुझा,
सी विंगमधला काका