साडेचारचा अलार्म का वाजला नाही?

तू उतरवलेल्या अलार्म ॲपचा पहाटे साडेचारचा अलार्म वाजला नाही, असं तू सांगितलंस. भरतीच्या सरावासाठी पहाटे शाहू स्टेडियमवर पोचायचं, तर अलार्मवर भरवसा हवाच. सेटिंग उगाच बदलत बसण्याआधी, सकाळी फोन उचलल्या उचलल्या नोटिफिकेशन बघ. अलार्म चुकल्याची नोंद दिसत असेल आणि फोन रात्रभर चालू असेल, तर तो बहुधा वेळेवर सुरू झाला होता. फक्त आवाज बंद किंवा खूप कमी असावा. अँड्रॉइडमध्ये अलार्मचा आवाज रिंगटोन आणि गाण्यांच्या आवाजापासून वेगळा असतो. बाजूचं बटण दाबून बहुतेक वेळा गाण्यांचाच आवाज वाढतो. म्हणून Sound मध्ये जाऊन Alarm volume ची पट्टी स्वतः वर सरकव.

नोंदच नसेल, किंवा ॲप उघडताच उशिरा अलार्म वाजला, तर बॅटरी बचतीवर संशय घे. तू उतरवलेल्या ॲपचं हेच दुखणं वाटतंय. चार्जरला न लावलेला, हललेला नसलेला फोन रात्री गाढ झोपेत जातो आणि ॲपची कामं मागे ढकलतो. त्यामुळे रात्री पाच मिनिटांचा अलार्म लावून केलेली चाचणी फसवते. तेवढ्यात फोन झोपलेलाच नसतो.

ॲपच्या माहितीत Battery खाली Unrestricted निवड. मग Alarms & reminders ही परवानगी चालू कर. अँड्रॉइड 14 वर नव्याने टाकलेल्या बऱ्याच ॲपना ती आपोआप मिळत नाही. नोटिफिकेशनची परवानगीही दे. काही कंपन्यांच्या फोनवर झोपताना सगळी ॲप सरकवून बंद केली की अलार्मही जातो, ती सवय सोड.

तोवर फोनसोबत आलेल्या घड्याळातच साडेचार लाव. त्याला सहसा या अडचणी येत नाहीत.