न जुळलेल्या एंट्रींची नोट मालकाला कशी लिहायची

प्रश्न: नवीन अकाउंटंट आहे. बँक स्टेटमेंटमधल्या सात-आठ एंट्री पुस्तकांशी जुळत नाहीयेत. मालकांना नोट कशी लिहू आणि कागद कोणते मागू?

आपण दिलेले पण अजून न वटलेले चेक आधी त्या नोटमधून काढून टाका. ते आज ना उद्या वटतात, त्यांच्यासाठी मालकाकडे मागायला काही नसतं, आणि अशा दहा ओळी वाचून कंटाळलेला माणूस अकरावी, खरी अडचणीची ओळ वाचतच नाही. बँकेत दिसतेय पण कशाची आहे तेच कळत नाही, अशीच एंट्री मालकाकडे न्यायची.

माझ्या पहिल्या नोकरीत अशी एक एंट्री होती. खात्यात 1,84,200 जमा, नरेशनमध्ये नुसता रेफरन्स नंबर, नाव नाही. मी ती सस्पेन्सला ठेवली आणि मालकांना लिहिलं, "1,84,200 ची रक्कम जुळत नाही, कृपया खुलासा करावा." आता वाटतं की त्या वाक्यावर कोणीही काय खुलासा करणार? त्यांनी येणं बाकीची यादी उघडली, एका पार्टीचं 1,84,500 चं बिल दिसलं, म्हणाले हेच आहे, 300 बँकेने कापले असतील, बिलावर मारून टाक. मी म्हणाले कागद नाहीये. "पैसे आलेत ना, मग कागद कशाला हवा?" आणि मी मारलं. 300 सुद्धा बँक चार्जेसला टाकले, ज्याची बँकेकडून कसलीही अ‍ॅडव्हाइस आली नव्हती. तिथेच थांबायला हवं होतं, कारण पार्टीने पाठवलेल्या रकमेतून खरंच काही कापलं गेलं असेल तर त्याचा कुठेतरी कागद असतो, आपण अंदाजाने फरक बुजवला की समजायचं चुकीच्या बिलाला चिकटवतोय.

पैसे दुसऱ्याच पार्टीचे होते. त्यांची तीन बिलं होती, 72,000, 65,400 आणि 51,300, म्हणजे 1,88,700, आणि त्यातून परत केलेल्या मालाचे 4,500 वजा. बरोबर 1,84,200. पण ती क्रेडिट नोट आमच्याकडे पुस्तकात चढलीच नव्हती, म्हणून यादीत कितीही शोधलं तरी रक्कम जुळणार नव्हती. चार महिने त्या बिचाऱ्यांना आम्ही रिमाइंडर पाठवत होतो, शेवटी त्यांनी पेमेंट अ‍ॅडव्हाइस तोंडावर फेकली, आणि जिचं बिल मी मिटवलं होतं त्या पार्टीला तेवढे चार महिने कोणी पैसे मागितलेच नाहीत.

म्हणून नोटमध्ये "खुलासा करावा" कधीच लिहू नका, कागदाचं नाव आणि तो कोणाकडे मिळेल ते लिहा. त्या एंट्रीसाठी मी आज असं लिहीन: "अमुक तारखेला 1,84,200 जमा, बँकेचा रेफरन्स नंबर अमुक. पाठवणाऱ्याचं नाव बँकेकडून मागवते. ही रक्कम कोणत्या बिलांची, किती वजा करून, हे सांगणारी पेमेंट अ‍ॅडव्हाइस पार्टीकडून हवी. माल परत आला असेल तर गोडाऊनची पावती आणि क्रेडिट नोट हवी. तोपर्यंत रक्कम सस्पेन्सला आहे, कोणाचंही बिल मिटवलेलं नाही." नरेशन आणि नंबर स्टेटमेंटमध्ये आहे तसाच उतरवा, स्वतःच्या शब्दांत नको, बँकेला तोच लागतो.

बाकीच्या एंट्री बहुतेक सोप्या निघतील. कार्ड मशीनची जमा विक्रीपेक्षा कमी दिसतेय तर त्या दिवसाचा सेटलमेंट रिपोर्ट मागा, कमिशन त्यात दिसतं, विक्री पूर्ण रकमेनेच घ्यायची. कर्जाचा हप्ता असेल तर परतफेडीचं शेड्यूल, कारण मुद्दल आणि व्याज वेगळं करावं लागतं. मालकांनी स्वतः काढलेली रोख असेल तर सरळ विचारा, धंद्यासाठी असेल तर बिलं द्या, घरासाठी असेल तर तुमच्या खात्याला नावे टाकते. याला लाजायचं नाही, नव्या लोकांची इथेच गाडी अडते. आणि "पेमेंट सक्सेसफुल" वाला स्क्रीनशॉट कोणी पाठवला तर त्यातला रेफरन्स नंबर तेवढा घ्या, पैसे कशाचे ते त्यात नसतं.

हो, वर चेक काढा म्हटलं, पण तीन महिन्यांहून जास्त पडून राहिलेला चेक मात्र नोटमध्ये घ्या, बहुतेक तो हरवलाय नाहीतर पार्टीला मिळालाच नाही. आणि अगदी किरकोळ फरकासाठी मालकाच्या मागे लागू नका, त्याची मर्यादा किती ते एकदा त्यांच्याकडून लिहून घ्या.

मालकाचं उत्तर पण लेखीच घ्या, त्याच नोटवर, एंट्रीसमोर, तारखेसकट. माझ्याकडे "मारून टाक" तोंडीच होतं. चार महिन्यांनी ते सगळ्यांसमोर म्हणाले, एंट्री तर तूच टाकलीस, आणि व्हाउचरवर सही खरंच एकट्या माझीच होती.