लेकीच्या शिक्षणासाठी पाच क्विंटल कापूस

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी. सात एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मुलगी ४ वर्षांची आहे. तिच्या शिक्षणासाठी ओळखीच्या एजंटाकडून पॉलिसी घेतली. वर्षाला ३६,००० रुपये १४ वर्षे भरायचे आणि मुलगी १८ वर्षांची झाली की साडेसात लाख मिळणार. पहिला हप्ता भरला, पॉलिसीचा कागद मागच्या आठवड्यात आला. गावातले एक गुरुजी म्हणतात, सुकन्या खाते काढायला हवे होते. पुतणी नागपूरला इंजिनिअरिंगला आहे, तिला फी आणि होस्टेल धरून वर्षाला दीड लाख लागतात. पॉलिसी चालू ठेवू का?

उत्तर : माझ्या मते ही पॉलिसी परत करावी, आणि तीही याच महिन्यात. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करण्याचा हक्क आपल्याला आहे. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची किंमत वजा करून कंपनी उरलेला हप्ता परत करते. ही मुदत गेल्यानंतर बाहेर पडणे बरेच महाग पडते.

साडेसात लाख ही रक्कम आज मोठी वाटते, पण ती आपल्या हाती १४ वर्षांनी पडणार आहे. पुतणीचा दीड लाखाचा खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढला, तरी आपल्या मुलीचे पहिले वर्ष सुमारे ३ लाख ४० हजारांचे आणि चारही वर्षे मिळून जवळपास १५ लाखांची होतील. वाढ ८ टक्के राहिली, तर हाच आकडा २० लाखांच्या घरात जातो, म्हणजे पॉलिसीचे पैसे दुसरे वर्ष संपण्याआधीच संपतात. आपण भरलेल्या हप्त्यांवर या पॉलिसीत पडणारा परतावा वर्षाला जेमतेम ५ टक्क्यांच्या थोडा वर आहे, आणि खर्च त्याहून वेगाने वाढत असेल तर दरवर्षी हप्ता भरूनही आपण दरवर्षी थोडे मागेच पडत जातो.

तेच ३६,००० रुपये ८ टक्क्यांनी वाढले असे धरले, तर १४ वर्षांनी सुमारे ९ लाख ४० हजार होतात. फरक चांगला आहे, पण पुरेसा नाही. खरी अडचण व्याजदरापेक्षा हप्त्यात आहे, कारण १४ वर्षे हप्ता ३६,००० वरच थांबलेला आहे. नोकरदाराला आम्ही पगारवाढीबरोबर हप्ता वाढवायला सांगतो. आपल्याकडे पगारवाढ नाही, पण कापसाचा भाव आहे. म्हणून आपण बचत रुपयांत न ठरवता क्विंटलात ठरवावी, असे मी सुचवतो.

लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०१४-१५ मध्ये ४,०५० रुपये होता, तो २०२४-२५ मध्ये ७,५२१ झाला. पाच क्विंटलांचे तेव्हा २०,२५० रुपये होत, दहा वर्षांनी ३७,६०५ झाले, म्हणजे वर्षाला साधारण सव्वासहा ते साडेसहा टक्के वाढ. आपला आजचा हप्ताही जवळपास पाच क्विंटलांचाच आहे. दर हंगामात पाच क्विंटलांचा चुकारा मुलीच्या नावाने बाजूला काढला, भाव वर्षाला सरासरी ६ टक्क्यांनी वाढला आणि गुंतवणुकीवर ८ टक्के मिळाले, तर १४ वर्षांनी सुमारे १३ लाख जमतील. भाव सरळ रेषेत वाढत नाही, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. २०२१-२२ च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला आणि पुढे पुन्हा खाली आला. अशा तेजीच्या वर्षी पाचाऐवजी सहा-सात क्विंटलांचे पैसे टाकता आले तर टाकावेत, कारण बोंडअळीचे किंवा अतिवृष्टीचे वर्ष पुढे कधीतरी येतेच.

पॉलिसीचा हप्ता अशा वर्षाची वाट पाहत नाही. सवलतीच्या दिवसांत तो भरला नाही तर पॉलिसी बंद पडते. आपला हप्ता कोणत्या महिन्यात येतो ते कागदावर पाहावे. जून-जुलैत येत असेल तर तो बियाणे आणि खतांच्या पैशांशीच भांडणार. सुकन्या खात्यात वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख रुपये, हवे तेव्हा, हवे तितक्या वेळा भरता येतात, आणि पहिल्या वेचणीपासून उलंगवाडीपर्यंत जसजसा माल विकला जाईल तसे भरले तरी चालते. खात्याचा दर जानेवारी २०२४ पासून ८.२ टक्के झाला. सरकार तो दर तिमाहीला ठरवते, म्हणून मी हिशेबात ८ च धरले.

तरीही गुरुजींचा सल्ला मी अर्धाच मान्य करतो. सुकन्या खाते मुलीच्या वयाच्या १८ व्या वर्षी पूर्ण होत नाही, ते उघडल्यापासून २१ वर्षांनी होते. आज उघडले तर मुलगी तेव्हा २५ वर्षांची असेल. ती १८ वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर शिक्षणासाठी आधीच्या मार्चअखेरच्या शिलकीच्या फक्त ५० टक्क्यांपर्यंत रक्कम, फीच्या कागदपत्रांवर, काढता येते. सगळे पैसे तिथेच ठेवले तर कॉलेजच्या चार वर्षांत निम्मे हाताशी आणि निम्मे कुलपात, अशी स्थिती होईल.

म्हणून पाचपैकी तीन क्विंटलांचे पैसे सुकन्येत आणि दोन क्विंटलांचे निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांत पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडात टाकावेत. त्यासाठी मासिक एसआयपी, म्हणजे दरमहा बँक खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता, लावू नये, कारण ऑगस्ट-सप्टेंबरात खाते रिकामे असले की हप्ता परत जातो आणि बँक दंड लावते. चुकारा जमा होईल तेव्हा दोन-तीन वेळा थेट रक्कम टाकावी. फंडाचा परतावा हमीचा नाही, एखाद्या वर्षी त्यातली रक्कम बरीच घटलेलीही दिसेल. मुलगी दहावीत गेली की दरवर्षी थोडे थोडे काढून पोस्टाच्या किंवा बँकेच्या मुदत ठेवीत वळवावे, म्हणजे प्रवेशाच्या वर्षी बाजार पडला तरी फी अडणार नाही. सुकन्येचा वाटा मोठा ठेवण्याचे कारण त्याचे कुलूपच आहे. वडिलांच्या नावावरचा पैसा विहिरीत, बोअरमध्ये, नाहीतर कोणाच्या तरी लग्नात जातो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

या वाटणीत १३ लाखांपैकी सुमारे सव्वानऊ लाख शिक्षणाच्या काळात हाती येतील. उरलेली तूट शैक्षणिक कर्जाने भागवता येते. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला बँका साधारणपणे तारण मागत नाहीत आणि परतफेड शिक्षण संपल्यानंतर सुरू होते. सुकन्येचा उरलेला निम्मा भाग मुलीच्या २५ व्या वर्षी ते फेडायला उपयोगी पडेल. शिवाय २०२४-२५ पासून राज्य सरकारने केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले आहे. ती सवलत १४ वर्षांनी असेलच असे धरून बचत कमी करू नये. असली तरी खोलीभाडे, मेस आणि क्लास राहतातच.

पॉलिसी परत केल्यावर विम्याची जागा मात्र रिकामी ठेवू नये. पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापले जातात आणि दोन लाखांचे संरक्षण मिळते; वय ५० पर्यंत त्यात प्रवेश घेता येतो. दोन लाख पुरेसे नाहीत, तेव्हा उत्पन्नाचा पुरावा देता येत असेल तर मोठ्या रकमेचा साधा मुदत विमाही घ्यावा.

आधी कंपनीच्या शाखेत परतीचा लेखी अर्ज मूळ पॉलिसीसह द्यावा आणि त्याच्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. एजंटाच्या हातात अर्ज देऊन ‘पाहतो’ यावर विसंबू नये, कारण ३० दिवस तसेच निघून जातात. मुलीचा जन्मदाखला आणि आपले आधार व पॅन घेऊन पोस्टात सुकन्या खाते काढावे. त्यात पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरावेत; नंतर भरले तर त्या रकमेवर त्या महिन्याचे व्याज मिळत नाही.