स्क्रीनवर हवा 'गुड', तरी गाडीत गुदमरायला का होतं?

प्रश्न: एअर प्युरिफायर आणि आयोनायझर दोन्ही कायम चालू असतात, स्क्रीनवर आकडा हिरवा, १०-१५ च्या आत. तरी पनवेलहून कुडाळला येताना चिपळूण गाठेपर्यंत सगळ्यांची डोकी जड होतात आणि मला जांभया सुरू होतात. सेन्सर बिघडलाय का?

उत्तर:

सेन्सर बहुतेक ठीकच आहे, तो फक्त वेगळीच गोष्ट मोजतोय. मी इकडे कुडाळलाच गाड्यांच्या एसीचं काम करतो आणि गणपती, मे महिन्यात अशा तक्रारी घेऊन येणारे भरपूर असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्क्रीनवरचा तो आकडा पीएम २.५ चा, म्हणजे बारीक धूळ आणि धुराचे कण. सेन्सरमधे एक छोटा लेझर असतो, कणांवरून प्रकाश विखुरतो त्यावरून तो अंदाज बांधतो. तुम्ही पाच जण श्वासातून जो कार्बन डायऑक्साइड सोडताय तो वायू आहे, कण नाही, त्यामुळे या सेन्सरला तो दिसतच नाही. प्युरिफायरच्या हेपा फिल्टरमधूनही तो आरपार जातो, कार्बनवाला फिल्टर वास धरतो पण हा नाही, आणि आयोनायझर हवेतल्या कणांना चार्ज देऊन ते सीटवर, काचेवर चिकटवतो, वायूचं काहीच करत नाही. म्हणजे गाडीतली ही सगळी यंत्रणा जोरात चालू असतानाही तुमचाच उच्छ्वास आत साठत राहू शकतो.

किती साठतो ते बघा. शांत बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, पाच जणांचा झाला ९० लिटर. गाडीच्या आत हवा असते अंदाजे ३००० लिटर. रीसर्क्युलेशन, म्हणजे आतलीच हवा परत परत फिरवणं, चालू असेल आणि बाहेरची हवा अजिबात येत नसेल तर दर मिनिटाला ५०० पीपीएमची, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५०० भागांची, भर पडणार, आणि बाहेरची मोकळी हवा असते जेमतेम ४२० च्या आसपास. गाडी काय पूर्ण हवाबंद नसते, दारांच्या फटीतून, मागच्या बंपरआडच्या झडपांतून थोडी ये-जा होते, म्हणून प्रत्यक्षात आकडा एवढ्या वेगाने पळत नाही. पण मी कार्बन डायऑक्साइडचा मीटर ठेवून बघितलंय, पाच माणसं, काचा बंद, रीसर्क्युलेशन, वडखळच्या ट्रॅफिकमधे रांगत चाललेली गाडी, दहा मिनिटांत अडीच हजार पार होतं आणि पुढे चार हजारांकडे जातं, आणि तेव्हा स्क्रीन मात्र हिरवीगार असते कारण धूळ खरोखरच नसते.

आता खरी गंमत इथे आहे की स्क्रीनच तुम्हाला चुकीच्या बटणाकडे ढकलते. फ्रेश एअर लावली की बाहेरची थोडी धूळ येते, आकडा १२ वरून ३० वर जातो, रंग बदलतो, माणूस घाबरून परत रीसर्क्युलेशन दाबतो. धुळीच्या हिशोबाने बरोबर, पण डोकं जड होण्याच्या हिशोबाने उलटं. फ्रेशवर ब्लोअर मध्यम ठेवला तर तीन-चार मिनिटांत मीटर हजार-बाराशेपर्यंत खाली येतो आणि मग तिथेच राहतो. ३० पीएमने चिपळूणपर्यंत कुणाला झोप येत नाही हो.

डोकं जड होणं, गुदमरल्यासारखं वाटणं हे या वाढलेल्या आकड्याशी बऱ्यापैकी जुळतं. २०१२ मधे अमेरिकेतल्या बर्कली लॅबच्या संशोधकांनी माणसांना ६००, १००० आणि २५०० पीपीएमच्या हवेत बसवून निर्णय घेण्याची चाचणी घेतली तेव्हा २५०० ला बरेच गुण घसरले होते. पण नंतरच्या काही चाचण्यांत एवढा फरक दिसला नाही, त्यामुळे सगळं खापर याच्यावर फोडू नका. रात्री उशिरा ऑफिसवरून येऊन पहाटे तीनला निघालात तर ताजी हवा झोपेची भरपाई करणार नाही, माणगावला नाहीतर महाडला बाजूला लावून अर्धा तास डोळे मिटणं हाच उपाय.

तुमच्या गाडीत ऑटो रीसर्क्युलेशन असेल तर आणखी एक सेन्सर असतो, तो बहुतेक बाहेरची हवा आत येते तिथे, बोनेटच्या मागच्या बाजूला बसवलेला असतो. तो समोरच्या ट्रकचा धूर, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड वाढले की झडप बंद करतो. तोही बाहेरचंच बघतो, आत किती माणसं बसलीत हे त्याला कळत नाही. ट्रकांच्या रांगेमागे परशुराम घाट पार करत असाल तर झडप बराच वेळ बंद राहू शकते. आणि मॅक्स एसीचं बटण बऱ्याच गाड्यांत स्वतःच रीसर्क्युलेशन चालू करतं, उन्हात तापलेली गाडी थंड करायला ते दाबतात आणि मग विसरून जातात. तुमच्याकडे बहुतेक हेच होत असणार, स्क्रीनवर गोल वळलेला बाण दिसतोय का ते बघा.

मी काय करतो तर, निघताना गाडी गार होईपर्यंत पाच-सात मिनिटं रीसर्क्युलेशन, मग फ्रेश, ब्लोअर दोन किंवा तीनवर. एकवर ठेवला आणि गाडी ट्रॅफिकमधे थांबली तर हवा पुरेशी आत येत नाही. कशेडीचा बोगदा, रस्त्याच्या कामाची लाल धूळ, काळा धूर सोडणारा डंपर, एवढ्यापुरतं रीसर्क्युलेशन आणि ते संपलं की लगेच फ्रेश. फ्रेशवर एसी थोडा कमी गार वाटतो कारण आपल्याकडची दमट हवा सतत सुकवावी लागते, मे महिन्यात हे जास्त जाणवतं. गारवा अगदीच पुरत नसेल तर अधूनमधून दहा मिनिटं रीसर्क्युलेशन, मग पाच मिनिटं फ्रेश असं आलटून पालटून करा.

फ्रेश लावूनही फरक पडत नसेल तर दोन गोष्टी तपासा. ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा केबिन फिल्टर काढून उजेडासमोर धरा, काळा आणि फुगलेला असेल तर बदला. दुसरं म्हणजे वायपरखालची जाळी. इकडे गाडी आंब्याफणसाखाली उभी असते, पानं त्या जाळीत कुजून गच्च बसतात, तिथूनच बाहेरची हवा आत येते, आणि पावसाळ्यात त्याचाच कुबट वास आत पसरतो.

मीटर घेणार असाल तर एनडीआयआर सेन्सरवालाच घ्या, तो इन्फ्रारेड प्रकाशाने थेट कार्बन डायऑक्साइडच मोजतो. स्वस्तातले पुष्कळ मीटर इतर वायूंवरून कार्बन डायऑक्साइडचा नुसता अंदाज दाखवतात. ओळखायला सोपं, सॅनिटायझर लावलेला हात जवळ न्या, आकडा एकदम हजारोंनी उडाला तर तो अंदाजवाला. आणि मोकळ्या अंगणात ४२०-४५० च्या आसपास दाखवायला हवा.

आयोनायझर बंदच ठेवा असं माझं मत. काही आयोनायझर थोडा ओझोनही सोडतात, आणि चालू असताना घसा खवखवत असेल किंवा झेरॉक्सच्या दुकानासारखा तिखट वास येत असेल तर नक्कीच बंद करा. प्युरिफायर धुळीपुरता चांगला आहे, तो फ्रेशवरही चालू ठेवता येतो.