जागा मागण्याआधी हिशोब मांड

अगं, सर्व्हरवर जास्त जागा मिळावी म्हणून आयटीवाल्यांना अर्ज करतेयस ना? त्यात नुसतं 'डेटा वाढलाय, जागा द्या' लिहिलंस तर अर्ज परत येईल; माझा आला होता. आधी सर्व्हरवर कुठलं फोल्डर किती जागा खातंय ते बघ:

```
du -h --max-depth=1 ~ | sort -h
```

मग अर्जात सरळ हिशोब मांड. समज, 60 नमुने, प्रत्येकाच्या कच्च्या फाइली 12 जीबी, म्हणजे 720 जीबी. प्रक्रियेत तयार होणाऱ्या मधल्या फाइली साधारण तेवढ्याच. म्हणून मागणी 1.5 टीबी.

कच्च्या फाइलींचा बॅकअप हवाच, कारण त्या पुन्हा मिळत नाहीत. मधल्या पुन्हा बनवता येतात, त्यांना बॅकअप नको, हे आवर्जून लिही. त्याने आयटीवाल्यांचा बॅकअपचा निम्मा भार हलका होतो. जागा कोणत्या महिन्यापर्यंत हवी तेही लिही, आणि मार्गदर्शकांची सही घेऊनच पाठव.